ग्रिडमधून भाव: अचूक स्कोअरच्या शक्यतांवरून आशियाई हँडिकॅप आणि एकूण गोल

१२ ऑगस्ट २०२४

प्रीमियर लीगचा हंगाम या शुक्रवारी सुरू होतोय, त्याआधी पैजांचे भाव काढणारा कोडचा भाग नव्याने लिहायचा आहे. मॉडेलवाल्यांकडून आमच्याकडे प्रत्येक सामन्यासाठी एक ग्रिड येते. ओळीत यजमानांचे गोल, स्तंभात पाहुण्यांचे गोल आणि प्रत्येक चौकटीत तो स्कोअर लागण्याची शक्यता. या एकाच ग्रिडमधून आशियाई हँडिकॅपच्या आणि एकूण गोलांच्या सगळ्या लाइनींचे भाव निघाले पाहिजेत, आणि ते एकमेकांशी जुळलेही पाहिजेत. आत्ता या कामासाठी एक जुनी स्प्रेडशीट वापरात आहे. प्रत्येक लाइनीसाठी तिच्यात वेगळं सूत्र आहे, आणि ते कुठून आलं हे कोणालाच धड सांगता येत नाही.

तपासणीसाठी एक नमुना सामना ठरवला: यजमानांचे सरासरी १.६ गोल, पाहुण्यांचे १.१. दोन्ही संघांचे गोल स्वतंत्र धरून पॉयसाँ वितरणाने ग्रिड भरली. असल्या ग्रिडचे आकडे हाताने पडताळता येतात, म्हणून सुरुवात हिच्यापासून. डावीकडे यजमानांचे गोल, वर पाहुण्यांचे, आकडे टक्क्यांत:

```
       0      1      2      3      4
0    6.72   7.39   4.07   1.49   0.41
1   10.75  11.83   6.51   2.39   0.66
2    8.60   9.46   5.20   1.91   0.52
3    4.59   5.05   2.78   1.02   0.28
4    1.84   2.02   1.11   0.41   0.11
```

भावांसाठी ही ग्रिड दोन प्रकारे वाचायची. डावीकडे वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या तिरक्या रेषांवर बेरीज केली की गोलफरकाचं वितरण मिळतं: ०-०, १-१, २-२ यांची बेरीज म्हणजे बरोबरी, १-०, २-१, ३-२ यांची बेरीज म्हणजे यजमान एका गोलने विजयी. उलट्या तिरक्या रेषांवर बेरीज केली की एकूण गोलांचं वितरण मिळतं. हँडिकॅपला फक्त पहिलं वितरण लागतं, ओव्हर-अंडरला, म्हणजे एकूण गोलांच्या पैजेला, फक्त दुसरं.

नमुना सामन्यात यजमानांच्या विजयाची शक्यता ४८.९६ टक्के, बरोबरीची २४.८९, पाहुण्यांच्या विजयाची २६.१५. विजयातला नेमका एका गोलचा वाटा २३.४४ टक्के, दोन किंवा जास्त गोलांचा २५.५२. पुढच्या नोंदींमध्ये हेच आकडे पुन्हा पुन्हा येतील.

१३ ऑगस्ट

आज निकाल लावण्याचा नियम एका ओळीत बसवला. हँडिकॅपमध्ये संघाच्या गोलांत एक ठरलेला आकडा, म्हणजे लाइन, मिळवून निकाल लावतात, आणि या लाइनी तीन जातींच्या असतात. अर्ध्या लाइनीत (−०.५, −१.५) पैज एकतर जिंकते नाहीतर हरते. पूर्ण लाइनीत (०, −१) तिसरीही शक्यता असते, पैसे परत. पाव लाइनीत (−०.२५, −०.७५) लावलेली रक्कम दोन शेजारच्या लाइनींवर अर्धी अर्धी वाटली जाते, त्यामुळे अर्धी जीत किंवा अर्धी हार असे निकाल तयार होतात. यजमान −०.२५ घेतले आणि सामना बरोबरीत सुटला, तर ० वरची अर्धी रक्कम परत येते आणि −०.५ वरची अर्धी जाते.

स्प्रेडशीटमध्ये या तीन जातींसाठी तीन शाखा आहेत. त्यांची गरज नाही. गोलफरकात लाइन मिळवून येणाऱ्या आकड्याला x म्हणू. x शून्य असेल तर पैसे परत. पाव असेल तर अर्धी जीत, उणे पाव असेल तर अर्धी हार. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण जीत, उलट बाजूला पूर्ण हार. म्हणजे x ची दुप्पट करायची आणि ती −१ ते १ च्या मर्यादेत कापायची, की निकाल हातात येतो.

मग वाजवी भाव. जिंकण्याच्या बाजूच्या शक्यता निकालाने गुणून त्यांची बेरीज करायची, तिला W म्हणू. हरण्याच्या बाजूची तशीच बेरीज L. एक रुपया लावल्यावर सरासरी नफा शून्य व्हायचा तर जिंकल्यावर हातात पडणारा निव्वळ नफा L/W इतकाच हवा, म्हणून दशांश भाव १ + L/W. समोरच्या बाजूसाठी W आणि L ची अदलाबदल. पैसे परत येणाऱ्या निकालाचं वजन शून्य असल्याने तो सूत्रातून आपोआप गळतो.

```python
import numpy as np

def fair(p, x):
    s = np.clip(2 * x, -1, 1)
    win  =  (p * s)[s > 0].sum()
    lose = -(p * s)[s < 0].sum()
    return 1 + lose / win, 1 + win / lose

h, a = np.indices(p.shape)
fair(p, h - a - 0.25)   # home -0.25, away +0.25
fair(p, h + a - 2.75)   # over 2.75, under 2.75
```

एकूण गोलांसाठी वेगळं फंक्शन लिहावं लागलं नाही. x च्या जागी एकूण गोल वजा लाइन दिली की काम झालं. लाइनी पावाच्या पटीत असल्याने संगणकाच्या बायनरी आकड्यांत त्या अगदी नेमक्या बसतात, त्यामुळे शून्याशी तुलना करताना दशांशाची खोट येत नाही.

नमुना सामन्यावर चालवून पाहिलं. यजमान −०.५ चा वाजवी भाव २.०४३, ० चा १.५३४, −१ चा ३.०००. पाव लाइनीवर −०.२५: पूर्ण जीत ४८.९६ टक्के म्हणून W = ०.४८९६. हारीत पाहुण्यांचा विजय पूर्ण आणि बरोबरी अर्धी, म्हणून L = ०.२६१५ + ०.१२४५ = ०.३८६०. भाव १.७८८, आणि समोर पाहुण्यांच्या +०.२५ ला २.२६८.

१५ ऑगस्ट

जुन्या स्प्रेडशीटशी ताडून पाहिलं. अर्ध्या आणि पूर्ण लाइनी तंतोतंत जुळल्या. पाव लाइनींवर मात्र विचित्र चित्र दिसलं: यजमान −०.२५ बरोबर, पाहुणे +०.२५ चूक. यजमान −०.७५ चूक, पाहुणे +०.७५ बरोबर. स्प्रेडशीट पाव लाइनीचा भाव शेजारच्या दोन लाइनींच्या भावांची सरासरी काढून देते. हा शॉर्टकट इतका सरसकट वापरला जातो की त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवतो.

यजमान −०.२५ चे दोन अर्धे म्हणजे ० आणि −०.५. दोन्ही अर्धे एकाच घटनेला जिंकतात, यजमानांच्या विजयाला. W दोघांत तोच, फरक फक्त L मध्ये. १ + L/W मध्ये W स्थिर असेल तर L ची सरासरी म्हणजेच भावाची सरासरी, म्हणून १.५३४ आणि २.०४३ यांची सरासरी १.७८८ अगदी बरोबर येते.

समोरच्या बाजूला गणित उलटतं. पाहुणे ० वर फक्त स्वतःच्या विजयाला जिंकतात, +०.५ वर बरोबरीलाही. इथे L तोच राहतो आणि W बदलतो. W भागाकारात खाली आहे, त्यामुळे साधी सरासरी चालत नाही. २.८७२ आणि १.९५९ यांची सरासरी २.४१६ येते, खरा वाजवी भाव २.२६८ आहे. सरासरीच काढायची तर निव्वळ नफ्याची, म्हणजे भाव वजा एकची, हरात्मक सरासरी घ्यावी लागते. १.८७२ आणि ०.९५९ यांची हरात्मक सरासरी १.२६८, त्यात एक मिळवला की २.२६८.

फरक किरकोळ नाही. २.४१६ ला पाहुणे +०.२५ घेणाऱ्याला दर शंभर रुपयांमागे सरासरी साधारण ५.७ रुपयांचा फायदा होतो. दोन-अडीच टक्क्यांच्या मार्जिनवर चालणाऱ्या बाजारात असा भाव लावणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मार्जिन न लावलेल्या दोन बाजूंच्या भावांचे व्यस्त मिळवायचे, बेरीज नेमकी १ आली पाहिजे. १.७८८ आणि २.२६८ ची येते. १.७८८ आणि २.४१६ ची ०.९७३ येते. एकाहून कमी बेरीज दिसली की कुठेतरी एका बाजूची सरासरी मारलेली आहे असं खुशाल समजावं.

ओव्हर-अंडरलाही हेच लागू. ओव्हर २.७५ चे अर्धे २.५ आणि ३. तीन गोल झाले तर २.५ चा अर्धा जिंकतो आणि ३ चा परत येतो, म्हणजे जिंकण्याच्या घटना वेगळ्या. सरासरीने २.३५१ येतं, खरा भाव २.२४६. अंडरच्या बाजूला दोन्ही अर्धे दोन किंवा कमी गोलांनाच जिंकतात, म्हणून तिथे सरासरी बरोबर ठरते. कुठल्या बाजूला सरासरी चालेल हे पाठ करण्याची गरज नाही. दोन्ही अर्धे त्याच निकालांना जिंकतात का, एवढं विचारलं की पुरे.

१९ ऑगस्ट

आजचा दिवस ग्रिडच्या कडांवर गेला, आणि माझ्या मते या कामातली सगळ्यात महाग चूक इथेच दडलेली असते.

मॉडेलची स्वतःची ग्रिड आम्ही १५ गोलांपर्यंत घेतो, तिथे प्रश्न नाही. पण काही स्रोतांकडून ग्रिड ४-४ पर्यंतच येते, वर 'इतर कोणताही स्कोअर' असा एक गठ्ठा. नमुना सामन्यात या २५ चौकटींची बेरीज ९७.१० टक्के होते, उरलेले २.९० टक्के गठ्ठ्यात. आयात करणारा जुना कोड गठ्ठा टाकून देतो आणि २५ चौकटींना ०.९७१० ने भागून बेरीज १ करून घेतो. दिसायला निरुपद्रवी.

आता ओव्हर २.५ पाहा. खरी शक्यता ५०.६४ टक्के, वाजवी भाव १.९७५, अंडरचा २.०२६. गठ्ठा टाकून भागाकार केल्यावर अंडर ५०.८४ टक्क्यांवर चढतो आणि ओव्हर २.०३४ होतो. आवडती बाजूच बदलली. कारण उघड आहे: ग्रिडबाहेरच्या प्रत्येक स्कोअरमध्ये किमान एका संघाचे पाच गोल आहेत, म्हणजे टाकून दिलेलं सगळं वजन ओव्हरचं होतं. ते सगळ्या चौकटींना प्रमाणात वाटून दिलं की त्यातला निम्मा भाग अंडरच्या खिशात जातो.

हँडिकॅपमध्ये नुकसान लाइनीबरोबर वाढत जातं. बाहेरच्या २.९० टक्क्यांपैकी २.३६ यजमानांच्या विजयाचे, ०.५३ पाहुण्यांच्या विजयाचे, बरोबरीचे जवळपास काहीच नाहीत. यजमान −०.५ चा भाव २.०४३ वरून २.०८४ वर सरकतो. −१.५ चा मात्र ३.९१८ वरून ४.१८५ वर, कारण ५-०, ५-१, ६-१ असे स्कोअर त्याच बाजूचे असतात.

आणि इथे परवाची व्यस्तांची चाचणी काहीच पकडत नाही. भागाकार केलेली ग्रिडही सुसंगत ग्रिडच आहे, तिच्यातून निघणाऱ्या दोन बाजूंची बेरीज १ च येणार. या चुकीसाठी वेगळी चाचणी लागते: ग्रिडमधूनच दोन्ही संघांचे सरासरी गोल परत काढायचे. कापलेल्या ग्रिडमध्ये यजमानांचे १.६० ऐवजी १.५१ आणि पाहुण्यांचे १.१० ऐवजी १.०८ निघाले. एकूण २.७० चे २.५९ झाले की गोल कुठेतरी सांडलेत हे कळतं.

उपाय लाइनीप्रमाणे ठरवला. एकूण गोलांच्या ४.५ पर्यंतच्या लाइनींना गठ्ठा कसा पसरलाय याच्याशी देणंघेणं नाही. चार किंवा कमी गोलांचा प्रत्येक स्कोअर ग्रिडच्या आतच असतो, म्हणून अंडर आतून मोजायचं आणि बाकीचं सगळं ओव्हर. हँडिकॅपमध्ये −१.५ पर्यंत, गठ्ठा यजमान विजय, बरोबरी आणि पाहुणे विजय असा तीन भागांत मिळत असेल, तर तो सरळ 'दोन किंवा जास्त गोलांनी विजय' मध्ये टाकला तरी चालतं. बाहेर राहून एका गोलने जिंकण्याचा स्कोअर म्हणजे ५-४, ६-५ असले, आणि त्यांची एकत्र शक्यता नमुना सामन्यात ०.०४ टक्के आहे.

−१.७५ पासून पुढे हे पुरत नाही, कारण गठ्ठ्यातलं किती वजन दोन गोलांच्या फरकावर आणि किती तीनवर, हे कळावं लागतं. तिथे आतल्या चौकटींवरून दोन्ही संघांच्या सरासऱ्या जुळवायच्या आणि त्या सरासऱ्यांचं वितरण फक्त गठ्ठा पसरवण्यासाठी वापरायचं. आतल्या चौकटींना हात लावायचा नाही. स्रोताने दिलेली माहिती तिथेच आहे, तिच्यावर आपलं मॉडेल लादलं तर ग्रिड घेण्यातच अर्थ उरत नाही.

ग्रिड बाजारातल्या अचूक स्कोअरच्या भावांवरून बनवली असेल तर आणखी एक पथ्य. त्या बाजारात लांबच्या स्कोअरवर मार्जिन जास्त असतं, म्हणून सगळ्या भावांचे व्यस्त घेऊन त्यांना एकाच आकड्याने भागलं की ४-३, ४-४ अशा चौकटी आणि गठ्ठा फुगलेले राहतात. ओव्हर ३.५ आणि ४.५ चे भाव हवे त्यापेक्षा कमी निघतात. असल्या ग्रिडची ओव्हर-अंडरच्या थेट बाजाराशी तुलना केल्याशिवाय ती वापरू नये.

२२ ऑगस्ट

मॉडेलवाल्यांनी ग्रिडमध्ये कमी गोलांची दुरुस्ती सुरू केली. मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी १९९७ च्या शोधनिबंधात सुचवलेली ही दुरुस्ती: दोन संघांचे गोल पूर्ण स्वतंत्र धरले तर ०-० आणि १-१ प्रत्यक्षापेक्षा कमी निघतात, १-० आणि ०-१ जास्त. म्हणून या चारच चौकटींना एका गुणकाने वरखाली करायचं. ρ हा एकच आकडा ठरवायचा असतो. खाली lam म्हणजे यजमानांचे सरासरी गोल, mu म्हणजे पाहुण्यांचे आणि rho म्हणजे ρ. नमुना सामन्यासाठी मी ρ = −०.१ घेतला.

```
tau(0,0) = 1 - lam*mu*rho
tau(0,1) = 1 + lam*rho
tau(1,0) = 1 + mu*rho
tau(1,1) = 1 - rho
```

आकडे लावून पाहिल्यावर या दुरुस्तीची रचना किती नेटकी आहे ते दिसतं. ०-० चा गुणक १.१७६, १-१ चा १.१, १-० चा ०.८९, ०-१ चा ०.८४. गुणक वेगवेगळे, पण चारही चौकटींत सरकणारं वजन अगदी सारखं, १.१८ टक्के. दोन चौकटींत तेवढं वाढतं, दोन चौकटींतून तेवढंच कमी होतं. एकूण बेरीज १ च राहते, दोन्ही संघांच्या सरासऱ्याही जागच्या जागी.

भावांवर काय झालं? ओव्हर २.५ जागचा हललाच नाही, १.९७५ चा १.९७५. आमच्या ट्रेडरने लगेच विचारलं, "नवी ग्रिड लोड झालीय ना नक्की?" झाली होती. सरकलेलं सगळं वजन शून्य, एक आणि दोन गोलांच्या चौकटींमध्येच फिरलं: शून्य गोल १.१८ ने वाढले, एक गोल २.३७ ने घटला, दोन गोल (१-१ मुळे) १.१८ ने वाढले. दोन किंवा कमी गोलांची एकूण शक्यता तीच राहिली. म्हणून २.५, २.७५, ३ आणि त्यावरच्या सगळ्या लाइनी या दुरुस्तीला आंधळ्या आहेत. २.२५ आणि २ मध्ये मात्र फरक पडतो, ओव्हर २ चा भाव १.४९१ वरून १.४६८ झाला.

हँडिकॅपमध्ये चित्र उलटं. बरोबरी २४.८९ वरून २७.२६ टक्क्यांवर गेली, तेवढंच वजन दोन्ही संघांच्या एका गोलच्या विजयातून निघालं. यजमान −०.५ २.०४३ वरून २.०९३, −०.२५ १.७८८ वरून १.८०८, −०.७५ २.३७१ वरून २.४२५. ० वर सरकण मामुली, १.५३४ वरून १.५२३, आणि तीही उलट्या दिशेला. दोन्ही संघांच्या विजयातून सारखंच वजन गेल्याने ज्याच्याकडे आधीच जास्त होतं त्याचं प्रमाण थोडं सुधारलं.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते आणि ती मी मॉडेलवाल्यांनाही कळवली. ρ बाजाराशी जुळवायचा असेल तर मुख्य ओव्हर-अंडर लाइनीकडे बघून उपयोग नाही, तिच्यात ρ ची माहितीच नाही. एकूण गोलांच्या लाइनीवरून दोन सरासऱ्यांची बेरीज ठरवावी, ० च्या हँडिकॅपवरून त्यांच्यातला फरक, आणि मग बरोबरीच्या भावावरून ρ. हे क्रमाने करून पुन्हा एकदा तीच फेरी केली की तिन्ही आकडे स्थिरावतात.

२७ ऑगस्ट

मार्जिन लावण्याचा भाग. वाजवी भावाचा व्यस्त घ्यायचा, १.०२५ ने गुणायचा, परत उलटायचा. −०.२५ वर यजमान १.७४५, पाहुणे २.२१३. इथवर सरळ आहे.

पण 'अडीच टक्के' हा आकडा प्रत्येक लाइनीवर तेवढीच कमाई देत नाही, आणि लाइनींची तुलना करणाऱ्याने हे डोक्यात ठेवावं. −०.५ वर परत जाणारा पैसा नाही, तिथे उलाढालीवर अपेक्षित कमाई २.४४ टक्के. ० वर मात्र सामना बरोबरीत सुटला की सगळी रक्कम परत जाते, आणि ते २४.८९ टक्के वेळा होतं. त्या रकमेवर काहीच मिळत नाही, म्हणून कमाई १.८३ टक्के. −०.२५ वर अर्धी रक्कम परत जाते, कमाई मधली, २.१४.

काही लोक यावर उपाय म्हणून ० च्या लाइनीवर मार्जिन वाढवतात, कमाई समान व्हावी म्हणून. मला ते पटत नाही. मग ०, −०.२५ आणि −०.५ यांचे भाव एकमेकांपासून सुटतात, आणि शेजारच्या दोन लाइनींवर अर्धी अर्धी रक्कम लावण्यापेक्षा पाव लाइनीवर बरा सौदा मिळतो. ग्रिड एकच ठेवण्याचा सगळा हेतू तिथे वाया जातो. व्यस्तांवरचं मार्जिन सगळीकडे सारखं ठेवायचं आणि कमाईचा अहवाल परत गेलेली रक्कम वगळून काढायचा असं ठरलं.

भाव राउंड करण्याचं एक छोटं काम यातच आटोपलं. ग्रिडमधून भाव काढेपर्यंत कुठेही राउंडिंग करायचं नाही, शेवटी एकदाच, आणि ते खालच्या बाजूला.

३ सप्टेंबर

चालू सामन्यातले भाव. दोन्ही बाजारांत स्कोअर वेगळ्या पद्धतीने मोजतात, म्हणून कोडमध्ये इथे पहिल्यांदा दोन वाटा कराव्या लागल्या. आशियाई हँडिकॅपमध्ये पैज लावल्यानंतर झालेले गोलच धरले जातात, त्या क्षणाचा स्कोअर ०-० समजला जातो. एकूण गोलांत मात्र सामन्याच्या सुरुवातीपासूनचे सगळे गोल मोजतात. आणि दोन्हीकडे नव्वद मिनिटं अधिक वाया गेलेला वेळ एवढंच, जादा वेळ नाही. कपच्या सामन्यांची ग्रिड १२० मिनिटांची येत असेल तर ती आधीच अडवायची.

तपासणीचा सामना: साठावं मिनिट, यजमान १-० ने पुढे, उरलेल्या वेळात त्यांचे सरासरी ०.६ गोल, पाहुण्यांचे ०.४. आम्ही उरलेल्या गोलांचीच ग्रिड बनवतो. हँडिकॅपसाठी ती आहे तशी वापरायची: यजमानांनी उरलेल्या वेळात जास्त गोल करण्याची शक्यता ३३.६४ टक्के, पाहुण्यांची २०.२०, म्हणून यजमान ० चा भाव १.६००. चालू स्कोअर मिसळलेली ग्रिड दिली तर हाच भाव १.०४६ निघतो. एकूण गोलांसाठी मात्र झालेला एक गोल x मध्ये मिळवावाच लागतो: २.५ पार करायला आणखी दोन गोल हवेत, शक्यता २६.४२ टक्के, ओव्हरचा भाव ३.७८४.

```python
fair(rem, h - a + line)               # in-play handicap
fair(rem, h + a + goals_so_far - ou)  # in-play total
```

चालू सामन्यात कमी गोलांच्या दुरुस्तीचं काय, हा प्रश्न चर्चेला आला. ती दुरुस्ती संपूर्ण सामन्याच्या अंतिम स्कोअरवर बसवलेली आहे. उरलेल्या गोलांच्या ०-० चौकटीला तोच गुणक लावला तर १-० वर असलेल्या सामन्यातही 'उरलेला वेळ ०-०' फुगतो, आणि त्यातून येणारा अंतिम स्कोअर १-० हा तर दुरुस्तीने कमी करायचा स्कोअर. म्हणून पहिला गोल झाला की ρ शून्य करायचा असं तात्पुरतं ठेवलंय. ०-० असताना तो वेळेबरोबर घटवत न्यायचा की उरलेल्या सरासऱ्या बदलायच्या, हे मॉडेलवाल्यांच्या पुढच्या आवृत्तीत ठरेल.

स्प्रेडशीट आजपासून फक्त वाचण्यापुरती ठेवली. प्रत्येक ग्रिडवर भाव बाहेर पडण्याआधी तीन चाचण्या चालतात: मार्जिनआधीच्या दोन बाजूंच्या व्यस्तांची बेरीज १, ग्रिडमधून काढलेले सरासरी गोल मॉडेलने सांगितलेल्या सरासऱ्यांशी तिसऱ्या दशांशापर्यंत जुळणारे, आणि यजमान −०.५ चा भाव सामना-निकालाच्या बाजारातल्या यजमानांच्या वाजवी भावाइतकाच. तिसरी चाचणी अडली तर बहुतेक वेळा दोन बाजारांना वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या ग्रिड मिळालेल्या असतात, म्हणून ग्रिडवर आता वेळेचा शिक्काही ठेवला जातो.